निरंक दाखला आणि बहिणींची सही

सोलापुरात जमिनीचा व्यवहार निघाला की हल्ली एक प्रश्न हमखास येतो: "ईसी काढली का?" हा शब्द आपल्या महाराष्ट्राचा नव्हे. तो आला इंडी, अफझलपूर, विजयपूर, कलबुर्गीकडच्या सोयऱ्यांकडून, आणि पूर्व भागातल्या तेलुगू घरांतून. कर्नाटकात जमीन घेताना सब-रजिस्ट्रारकडून बोजाचा दाखला काढतात, तीच ही ईसी. त्या मुदतीत व्यवहार झाले असतील तर त्यांची यादी नमुना 15 वर मिळते, काहीच नसेल तर नमुना 16 वर 'निरंक'. तो कागद हातात पडला की माणूस निर्धास्त होतो. आपल्याकडे तसा दाखला काढायची रीत नाही. आपण दुय्यम निबंधकाकडे सूची क्रमांक दोनचा, म्हणजे नोंदलेल्या दस्तांच्या यादीचा, शोध घेतो, वकील त्यावर सर्च रिपोर्ट देतो, आणि बँकेला तीस वर्षांचा रिपोर्ट पुरतो. नाव वेगळे, पण मनातली समजूत तीच: नोंदणी कार्यालयात काही सापडले नाही म्हणजे जमीन मोकळी.

या समजुतीवरच माझा आक्षेप आहे. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतजमिनीत निरंक दाखला पुष्कळदा निर्दोषपणाचा पुरावा नसतो. नोंदणी व्हायलाच हवी होती असा एखादा दस्त कधी झालाच नाही, एवढेच त्यातून कळते. हे न पटणारे अनेक जण माझ्या टेबलासमोर बसून गेले आहेत, म्हणून एक प्रकरण सविस्तर सांगतो. ओळख पटू नये एवढे तपशील फिरवले आहेत.

गेल्या उन्हाळ्यात एक गृहस्थ आले. शेतकरी कुटुंबातले, नोकरीतून निवृत्त, मिळालेल्या पैशातून गावाकडे चार एकर घ्यायचे ठरवलेले. दक्षिण सोलापुरातली जिराईत जमीन, विहिरीला पाणी, विकणारा नात्यातल्या माणसाचा ओळखीचा. सातबारा मोबाइलवरून काढलेला, डिजिटल सहीचा, खाली क्यूआर कोड. भोगवटादाराच्या रकान्यात एकच नाव, भोगवटादार वर्ग 1, म्हणजे विकायला शर्त नसलेली जमीन. इतर हक्कात गावच्या विकास सोसायटीचा इकरार होता, पण त्याला कंस पडलेला, म्हणजे कर्ज फिटून बोजा कमी झालेला. सूची दोनचा तीस वर्षांचा शोध त्यांनी आधीच कुणाकडून तरी करून घेतला होता. निरंक. ते म्हणाले, "वकीलसाहेब, सगळं क्लिअर आहे की. तुम्ही फक्त खरेदीखताचा मसुदा करा. आता अजून काय बघायचं राहिलं?"

मी सातबारा उलटा वाचायला सांगितला. वरचे नाव सोडा, खाली एक चौकट असते, 'जुने फेरफार क्रमांक'. त्यात कंसात आकडे असतात, एकापुढे एक. त्यांच्या उताऱ्यावर सात होते. विकणाऱ्याचे नाव सातबाऱ्यावर का आहे, याचे उत्तर त्या सात आकड्यांत दडलेले असते, आणि ते आकडे कुणीच वाचत नाही. प्रत्येक आकडा म्हणजे गाव नमुना 6 मधली एक नोंद: कोण गेले, कोण आले, कशाच्या आधारे, कुणी मंजूर केले. साखळी जोडायची ती याच नोंदींनी. सूची दोन नंतर येते, पडताळ्यासाठी.

तहसीलच्या अभिलेख कक्षातून सातही फेरफारांच्या नकला मिळायला दोन आठवडे लागले. बऱ्याच गावांचे जुने अभिलेख आता स्कॅन होऊन ऑनलाइन मिळतात, पण आमच्या गावाची नेमकी दोन पाने कोरी निघाली. मग लाल फडक्यातला बस्ता सोडवावा लागला. सातांतल्या दोन नोंदी सोसायटीचा बोजा चढल्या-उतरल्याच्या आणि एक एकत्रीकरणाची. मालकी सांगणाऱ्या उरल्या चार.

पहिली नोंद कुळ कायद्याची. विकणाऱ्याचे वडील या जमिनीचे कूळ होते. 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन. त्या दिवशी कसत असलेले कूळ कायद्याने मालक मानले गेले, आणि पुढे किंमत ठरून, भरून कलम 32म चा दाखला मिळाला. वडिलांना तो 1972 मध्ये मिळाला, आठ एकरांचा, एकट्यांच्या नावे. नोंदीच्या शेवटी तलाठ्याच्या बारीक अक्षरात एक ओळ होती: कलम 43 च्या शर्तीस अधीन, म्हणजे विकायची तर आधी परवानगी हवी. हाताने लिहिलेल्या जुन्या सातबाऱ्यावर ती ओळ होती. संगणकावर टाइप होताना ती गळाली. म्हणून आजचा उतारा वर्ग 1 दाखवतो. क्यूआर कोड सांगतो की हा कागद सरकारी संगणकातून आला. संगणकात जे गेले ते बरोबर होते, असे तो सांगत नाही.

दुसरी नोंद 1988 ची, वारसाची. वडील वारले, मृत्युपत्र नाही. वारस म्हणून आई, दोन मुलगे, दोन मुली. मुलांची नावे कब्जेदार रकान्यात, आणि आई व मुलींची नावे इतर हक्कात. तेव्हाच्या तलाठ्यांची ही सवयच होती, जणू मुलगी म्हणजे सोसायटीचा बोजा.

तिसरी नोंद 1991 ची. हा या प्रकरणाचा गाभा, म्हणून ती तशीच्या तशी आठवते. 'सदर बहिणींनी चोळी-बांगडीचा मान घेऊन आपला हक्क राजीखुशीने सोडून दिला असल्याबाबत जबाब दिला. वर्दीवरून नोंद.' खाली दोन अंगठे, सर्कलची मंजुरी, आणि इतर हक्कातल्या दोन्ही नावांना कंस.

चौथी नोंद 2009 ची. आई त्याआधी वारली होती. दोन्ही भावांनी आठ एकरांची तोंडी वाटणी केल्याची वर्दी दिली आणि प्रत्येकाच्या नावावर चार एकर झाले. त्यातलेच हे चार.

आता सूची दोन निरंक का होती ते पाहा. बहिणींनी हक्क सोडला म्हणतात, तो तलाठ्यासमोरच्या जबाबाने. स्थावर मालमत्तेतला शंभर रुपयांहून जास्त किमतीचा हक्क सोडायचा तर नोंदणी कायद्याच्या कलम 17 प्रमाणे हक्कसोडपत्र नोंदवलेले लागते. ते झालेच नाही. झाले असते तर सूचीत दिसले असते, आणि 1991 इतके मागे कुणी गेले असते तर सापडलेही असते. तीस वर्षांच्या शोधाची खिडकी 1995 च्या आसपास बंद होते. वारस लागले ते वर्ष आणि बहिणी 'सुटल्या' ते वर्ष, दोन्ही खिडकीबाहेर. खिडकीच्या आत फक्त 2009 ची वाटणी, तीही तोंडी, म्हणजे तिचाही दस्त नाही. सूचीत सापडण्यासारखे काही मागे ठेवलेच नव्हते.

शिवाय धाकटी बहीण 1991 मध्ये सोळा वर्षांची होती. हे फेरफारात नाही. शाळा सोडल्याचा दाखला मागितला तेव्हा कळले. अज्ञानाचा हक्क सोडायला पालकालासुद्धा न्यायालयाची परवानगी लागते. तिच्या स्वतःच्या अंगठ्याला तर किंमतच नाही.

हिशेब सोपा आहे. 32म चा दाखला एकट्या वडिलांच्या नावे, म्हणून जमीन त्यांची स्वतःची धरू. 1988 मध्ये हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई, दोन मुलगे, दोन मुली यांना प्रत्येकी पाचवा हिस्सा आला, म्हणजे आठ एकरांतले 64 गुंठे. आई गेल्यावर तिचे 64 गुंठे चारही मुलांत सारखे, प्रत्येकी 16. एकूण प्रत्येकाचे 80 गुंठे, दोन एकर. भावांनी चार-चार एकर घेतले ते आपापले दोन आणि एकेका बहिणीएवढे दोन. बहिणींचा हिस्सा सगळ्या आठ एकरांवर पसरलेला, म्हणून आमच्या गृहस्थांना दाखवलेल्या चार एकरांपैकी विकणाऱ्याचे खरे दोन. उरलेल्या दोन एकरांचे पैसे ते अशा माणसाला देणार होते, ज्याची ती जमीनच नव्हती.

जमीन वडिलोपार्जित असती तर हिशेब आणखी बदलला असता. 2005 च्या दुरुस्तीने मुलगी जन्मतः सहदायाद झाली, आणि तेव्हा वडील हयात असले पाहिजेत असे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये स्पष्ट केले. त्याच निकालात तोंडी वाटणीच्या बचावाकडे संशयाने पाहायला सांगितले आहे. गावोगावच्या 'वर्दीवरून नोंद' या दोन शब्दांवर त्याने मोठे प्रश्नचिन्ह लागले, पण सर्च रिपोर्टांच्या भाषेत अजून फरक पडलेला नाही.

विकणाऱ्याला बोलावले तेव्हा तो आधी चिडला. "ओ साहेब, बहिणींनी तवाच सोडलंय की. पस्तीस वर्षं झाली, एकदा तरी मागितलं का त्यांनी?" खरेच नव्हते मागितले. माहेर तुटू नये म्हणून बहिणी मागत नाहीत, हे त्यालाही ठाऊक आणि मलाही. पण कायद्यात न मागणे म्हणजे सोडणे नव्हे. सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. बहिणीला उघडपणे, तिच्या लक्षात येईल असे बाहेर काढल्याशिवाय मुदतीचे घड्याळ सुरू होत नाही. जमीन विकली जाते, तिसरा माणूस कुंपण घालतो, तेव्हा ते घड्याळ खऱ्या अर्थाने सुरू होते, आणि वाटपाचा दावा नेमका तेव्हाच येतो. म्हणजे पस्तीस वर्षे झोपलेला हक्क जागा करायचे काम खरेदीदारच करतो.

यावर दोन युक्तिवाद नेहमी ऐकू येतात. पहिला: जाहीर नोटीस दिली की झाले. नोटीस द्यावी, मीही देतो, पंधरा दिवसांच्या मुदतीची. पण सोलापूरच्या पेपरातली नोटीस कलबुर्गीला दिलेली बहीण वाचत नाही, आणि नोटिशीला उत्तर आले नाही म्हणून कुणाचा हिस्सा विरघळत नाही. नोटिशीचा उपयोग खरेदीदाराने पुरेशी काळजी घेतली हे दाखवायला. ज्याच्या हातात 1991 चा फेरफार आहे त्याने काळजी घेतली असे कुठले न्यायालय म्हणेल? आणि ज्याने तो फेरफार मागवलाच नाही, त्याने तर मुळीच नाही.

दुसरा युक्तिवाद जास्त गंभीर आहे: महाराष्ट्रानेही कर्नाटकासारखा रीतसर बोजा दाखला सुरू करावा, आणि दुय्यम निबंधकाने मालकी तपासल्याशिवाय दस्त नोंदवूच नये. पहिल्या भागाला माझा विरोध नाही; दाखला मिळाला तर शोधाचे काम सोपे होईल. पण तो दाखला काढणारे कार्यालय फक्त आपल्याच पुस्तकांत पाहते. सोसायटीचा इकरार सहकार कायद्याखाली जमिनीवर बोजा बसवतो आणि तो सातबाऱ्यावर चढतो. नोंदणी कार्यालयात त्याचा मागमूस नसतो. दिवाणी न्यायालयातला वाटपाचा दावा, प्रांताकडचे अपील, बहिणीचा न सोडलेला हिस्सा, कुळाची शर्त, यातले काहीही तिथे दिसत नाही. ईसीवाल्या राज्यांतही बहिणींचे दावे होतातच. दुसऱ्या भागाबाबत तर वादच मिटला आहे. विकणाऱ्याने मालकी सिद्ध केल्याशिवाय दस्त नोंदवू नये, असा नियम तमिळनाडूने केला होता. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2025 मध्ये तो रद्द केला. मालकी तपासणे हे निबंधकाचे कामच नाही. दस्त नोंदवला गेला म्हणजे विकणारा मालक होता, असा अर्थ निघत नाही.

तेव्हा जे करता येण्यासारखे आहे ते महसूल खात्याकडे मागावे. सातबाऱ्यावर प्रत्येक नावाखाली फेरफार क्रमांक येतोच. त्याच्या शेजारी एकच शब्द हवा: तो फेरफार कशावरून झाला. नोंदणीकृत दस्त असेल तर दस्ताचा क्रमांक, न्यायालयाचा हुकूमनामा असेल तर दाव्याचा क्रमांक, आणि नुसती वर्दी असेल तर 'वर्दी'. ही माहिती फेरफाराच्या पहिल्या दोन ओळींत असतेच, फक्त उताऱ्यावर येत नाही. ती आली असती तर आमच्या गृहस्थांना माझ्याकडे यायच्या आधीच, मोबाइलवरच, शंका आली असती. यावर तलाठ्यांची अडचण मला कळते: जुने लाखो फेरफार वाचून वर्गवारी करायला माणसे कुठून आणायची? सगळे एकदम नकोत. ज्या गटाचा नवा फेरफार येतो, त्याच गटाची मागची साखळी तेव्हा वाचावी. विकली जाणारी जमीनच धोक्याची असते, पडून असलेली नव्हे.

आणि तोवर वकिलांनी स्वतःचे घर नीट करावे. हे लिहिताना बारमधले काही मित्र नाराज होतील. तीस वर्षांच्या शोधाला कारणे आहेत. गहाण सोडवायची मुदत 1963 च्या मुदत कायद्यात तीस वर्षे आहे, तीस वर्षांच्या जुन्या दस्ताबाबत पुराव्याच्या कायद्यात गृहीतक आहे. पण तो आकडा बँकेच्या तक्त्यातून आमच्या डोक्यात गेला आणि आम्ही कॅलेंडर पाहून थांबू लागलो. साखळी थांबवायची ती वर्ष पाहून नव्हे, मूळ सापडल्यावर. आपल्या जिल्ह्यात ते मूळ बहुतेक वेळा 1957 च्या कुळात असते, नाहीतर 1959 मध्ये संपलेल्या कनिष्ठ वतनांत किंवा 1963 मध्ये संपलेल्या पाटीलकीच्या वतनात. तीसच वर्षे पाहणाऱ्याला यातले एकही दिसणार नाही. वतनाची फेरवाटप झालेली जमीन असेल तर शर्त कडक, नजराणा मोठा, आणि परवानगी लागत असताना ती न घेता केलेली खरेदी उलटू शकते. म्हणून गाव नमुना 1-क, म्हणजे वर्ग 2 च्या जमिनींची गावची यादी, सातबाऱ्यावर वर्ग 1 लिहिलेले असले तरी काढून पाहावी. उजनीच्या लाभक्षेत्रात पुनर्वसनाचा शेरा वेगळा पाहावा लागतो. आणि एकत्रीकरणात सर्व्हे नंबरचे गट झाले असतील तर जुन्या नंबरानेही सूची चाळावी. नाहीतर जुने गहाण जुन्या नंबराखाली तसेच राहते आणि नवा गट निरंक येतो. शहरात दुय्यम निबंधकाची कार्यालये एकाहून जास्त. एकाच ठिकाणी शोध घेऊन निरंक लिहिणारेही आहेत. त्यांच्या रिपोर्टाची फी कमी असते, हे मान्य.

आमच्या गृहस्थांचे काय झाले ते सांगतो. त्यांनी जमीन सोडली नाही. विहीर मनात भरली होती. विकणाऱ्याने बहिणींकडून आता नोंदणीकृत हक्कसोडपत्र घ्यावे, असे मी सुचवले. थोरली बहीण सहा वर्षांपूर्वी वारलेली. तिचा नवरा आणि तीन मुले, म्हणजे चार सह्या, त्यातला एक मुलगा भिवंडीला लूमवर. ते तयार झाले. धाकटी कलबुर्गीला, आता पन्नाशीत. ती म्हणाली, हक्कसोड करणार नाही, खरेदीखतावर विकणारी म्हणून सही करीन, आणि माझ्या हिश्श्याचा चेक माझ्या नावाने. भाऊ दोन आठवडे तिच्याशी बोलला नाही. मी खरेदीदाराला सांगितले की तिचीच पद्धत तुमच्या फायद्याची. तिने स्वतः विकले म्हणजे उद्या ती किंवा तिची मुले तिच्या हिश्श्यावरून तुम्हाला काही विचारू शकत नाहीत. दुसऱ्या भावाचीही मान्यता देणार म्हणून सही घेतली.

राहिली कलम 43 ची शर्त. 2014 च्या दुरुस्तीपासून, 32म च्या दाखल्याला दहा वर्षे झाली असतील तर पूर्वपरवानगी लागत नाही. जमिनीच्या आकाराच्या चाळीस पट नजराणा भरायचा. या चार एकरांचा आकार 6 रुपये 25 पैसे. चाळीस पट, 250 रुपये. तो न भरता खरेदी झाली असती तर सगळा व्यवहारच शर्तभंगात सापडला असता. संगणकावर जमीन वर्ग 1 दिसत असल्यामुळे तहसीलमधला कारकून चलनच काढून देईना: "वर्ग 1 ला नजराणा कसला?" 1972 च्या फेरफाराची नक्कल तीनदा दाखवावी लागली. पहिल्या भेटीपासून खरेदीखतापर्यंत चार महिने गेले, आणि त्यातला जवळजवळ दीड महिना त्या अडीचशे रुपयांच्या चलनाला.